सिंगल लॅप जोड: ओव्हरलॅप वाढवण्याआधी टोकांचा हिशेब मांडा

हिंगणा एमआयडीसीत छोटं वर्कशॉप चालवणारा एक तरुण मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे तुटलेल्या पट्ट्या घेऊन आला. ॲल्युमिनियमच्या 1.6 मिमी जाड, 25 मिमी रुंद पट्ट्या एकमेकींवर चढवून त्याने इपॉक्सीने चिकटवल्या होत्या. ओव्हरलॅप 12.5 मिमी होता तेव्हा जोड 5.6 किलोन्यूटनला सुटला. त्याला 9 किलोन्यूटन हवे होते, म्हणून त्याने ओव्हरलॅप थेट 50 मिमी केला. नवा जोड 6.1 ला सुटला. "भाऊ, चौपट लांब चिकटवलं, तरी तेवढ्यालाच कसं सुटलं? माल खराब असन का?" असं तो विचारत होता.

माल चांगला होता, हिशेब चुकला होता. डेटाशीटवर लिहिलेली शिअर ताकद घ्यायची, तिला चिकटलेल्या क्षेत्रफळाने गुणायचं आणि आलेला आकडा जोडाची ताकद म्हणून धरायचा, ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला. खाली त्याच पट्टीचं उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. बहुतेक जण सहाव्या टप्प्यापासून, म्हणजे थेट चिकटवण्यापासून सुरुवात करतात आणि मग मागे येतात.

## टप्पा 1: भार टोकांनाच का जातो ते आधी डोळ्यांनी पाहा

गादीच्या फोमच्या दोन लांब पट्ट्या घ्या. एकीचं टोक दुसरीवर हातभर चढवा आणि मधे रबर सोल्युशन लावून चिकटवा. वाळल्यावर कडेने, दोन्ही पट्ट्यांना छेदून जाणाऱ्या उभ्या रेघा स्केचपेनने दोन-दोन सेंटीमीटरवर मारा. आता दोन्ही बाजूंनी हळू ओढा. मधल्या रेघा जवळपास उभ्याच राहतात. दोन्ही टोकांजवळच्या रेघा मात्र सांध्यापाशी तिरक्या होऊन घसरल्यासारख्या दिसतात.

कारण साधं आहे. वरची पट्टी ओव्हरलॅपमध्ये शिरते तेव्हा सगळा भार तिच्यावर असतो, म्हणून ती तिथे पूर्ण ताणलेली असते. त्याच जागी खालच्या पट्टीचं मोकळं टोक असतं. त्याच्यावर काहीच भार नसतो, म्हणून ते ताणलेलंही नसतं. एक ताणलेली आणि एक न ताणलेली अशा दोन पृष्ठभागांना ॲढेसिव्हचा पातळ थर धरून ठेवतो, आणि त्या दोघांमधला फरक त्यालाच सोसावा लागतो. ओव्हरलॅपच्या मध्यावर दोन्ही पट्ट्या निम्मा-निम्मा भार वाहतात, सारख्याच ताणल्या जातात, आणि तिथे थराला फारसं काम उरत नाही. दुसऱ्या टोकाला पुन्हा तोच प्रकार, फक्त पट्ट्यांची अदलाबदल झालेली. यालाच शिअर लॅग म्हणतात.

पट्ट्या पूर्ण कडक असत्या, कणभरही न ताणणाऱ्या, तर ताण सगळीकडे सारखा वाटला गेला असता आणि क्षेत्रफळाचा गुणाकार बरोबर आला असता. पण 1.6 मिमीचा ॲल्युमिनियम पत्रा ताणला जातो, आणि सगळा फरक तिथूनच पडतो.

## टप्पा 2: पाच आकडे गोळा करा

कागदावर हे पाच आकडे लिहा: पट्टीचा यंग मॉड्युलस, पट्टीची जाडी, ॲढेसिव्हचा शिअर मॉड्युलस, थराची जाडी आणि ओव्हरलॅपची लांबी. आपल्या पट्टीसाठी ते अनुक्रमे असे आहेत: 70,000 मेगापास्कल, 1.6 मिमी, 1,000 मेगापास्कल, 0.2 मिमी, आणि ओव्हरलॅप बदलता.

इथे एक अडचण हमखास येते. डेटाशीटवर लॅप शिअर ताकद ठळक छापलेली असते, पण शिअर मॉड्युलस बहुतेक वेळा नसतोच. ताणण्याचा मॉड्युलस दिला असेल तर त्यावरून काढता येतो: त्याला 2(1+ν) ने भागा. ν म्हणजे पॉइसन गुणोत्तर, कडक इपॉक्सीसाठी ते साधारण 0.35 धरतात. म्हणजे 2,700 ला 2.7 ने भागलं की 1,000. दोन्हीपैकी एकही आकडा नसेल तर विक्रेत्याकडे मागा. अंदाजाने धरलात तर पुढचं सगळं अंदाजच राहील.

तपासणी: थराची जाडी मनाने 0.2 लिहू नका. आधीच्या एखाद्या जोडाच्या दोन्ही पट्ट्यांची आणि पूर्ण जोडाची जाडी मायक्रोमीटरने मोजा आणि वजाबाकी करा. त्या तरुणाच्या पट्ट्यांवर एका टोकाला 0.12 आणि दुसऱ्या टोकाला 0.31 मिमी आली होती. क्लॅम्प तिरका बसला होता.

## टप्पा 3: टोकाचा ताण काढा

दोन्ही पट्ट्या सारख्या असतील तर व्होल्करसनचं 1938 सालचं सूत्र पुरेसं आहे. आधी `ω` काढायचा:

`ω = sqrt( 2G / (E · t · η) )`

इथे `E` आणि `t` म्हणजे पट्टीचा यंग मॉड्युलस आणि जाडी, `G` म्हणजे ॲढेसिव्हचा शिअर मॉड्युलस, `η` म्हणजे थराची जाडी आणि खालच्या सूत्रातला `L` म्हणजे ओव्हरलॅपची लांबी. मग टोकाचा ताण हा सरासरी ताणाच्या किती पट आहे ते असं मिळतं:

`τ_max / τ_avg = (ωL/2) · coth(ωL/2)`

हाताने करायचं नसेल तर एवढा कोड पुरतो. त्यात `F` म्हणजे न्यूटनमधला भार, `b` म्हणजे पट्टीची रुंदी आणि `w` म्हणजे `ω`. शेवटचे तीन आकडे अनुक्रमे सरासरी ताण, टोकाचा ताण आणि मध्याचा ताण आहेत.

```python
from math import sqrt, sinh, tanh

F, b = 5000.0, 25.0
E, t = 70000.0, 1.6
G, eta = 1000.0, 0.2

w = sqrt(2*G/(E*t*eta))
for L in (12.5, 25.0, 50.0):
    avg = F/(b*L)
    z = w*L/2
    print(L, avg, avg*z/tanh(z), avg*z/sinh(z))
```

आपल्या पट्टीसाठी `ω` येतो सुमारे 0.3 प्रति मिमी. 5 किलोन्यूटन भार असताना 12.5 मिमी ओव्हरलॅपमध्ये सरासरी ताण 16 मेगापास्कल आणि टोकाचा 31.3. ओव्हरलॅप 25 मिमी केला की सरासरी निम्मी होऊन 8 वर येते, पण टोकाचा ताण 29.9. मग 50 मिमी करा: सरासरी फक्त 4, आणि टोकाचा ताण पुन्हा 29.9. दशांशाचाही फरक नाही. मध्याचा ताण मात्र 9.5 वरून 1.4 वर आणि तिथून 0.03 वर घसरतो. 50 मिमीच्या जोडाचा मधला मोठा भाग थंड हवेत अक्षरशः रिकामा बसलेला असतो.

आता त्या तरुणाचे आकडे समजतात. 12.5 मिमीचा जोड 5.6 किलोन्यूटनला, म्हणजे 18 मेगापास्कल सरासरीला सुटला. तेव्हा टोकाला सुमारे 35 मेगापास्कल होते. कडक, ठिसूळ ॲढेसिव्ह टोकाला तेवढ्यावरच सुटत असेल, तर 50 मिमीच्या जोडासाठी सूत्र 5.9 किलोन्यूटन सांगतं. त्याला प्रत्यक्षात 6.1 मिळाले.

लक्षात ठेवण्यासारखी खूण ही: `ωL/2` दोनच्या पुढे गेला की टोकाचा ताण लांबी वाढवून जवळजवळ कमी होत नाही. या पट्टीसाठी ती लांबी 13 मिमीच्या आसपास येते.

सावधान: हे गणित ॲढेसिव्हला पूर्ण लवचिक धरतं. रबर मिसळून चिवट केलेल्या इपॉक्सीत टोकाचा थर तुटण्याआधी बराच वाकतो आणि भार आतल्या भागाकडे सरकवतो. तिथे लांबी वाढवल्याचा फायदा खरंच मिळतो, पण तोही एका मर्यादेपर्यंतच. म्हणून ठिसूळ आणि चिवट ॲढेसिव्हचे अनुभव एकमेकांना लावू नका.

दोन्ही पट्ट्या सारख्या नसतील तर: `ω` च्या सूत्रात `2/(E·t)` च्या जागी `1/(E1·t1) + 1/(E2·t2)` टाका. तेव्हा दोन्ही टोकं सारखी राहत नाहीत. जिथे कमी कडक पट्टी ओव्हरलॅपमधून भार घेऊन बाहेर पडते, त्या टोकाला शिखर जास्त उंच असतं. स्टीलच्या जाड पट्टीवर पातळ ॲल्युमिनियम चिकटवलं, तर भेग ॲल्युमिनियम बाहेर पडतं त्या कडेला शोधा.

फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पट्टीच्या चौकोनी कोपऱ्यात ताणाचं शिखर जाळी बारीक करत जाल तसं वाढतच जातं, कुठे थांबत नाही. तो कोपरा गणिताच्या दृष्टीने अमर्याद आहे. म्हणून "सॉफ्टवेअरने 90 दाखवले" या वाक्याला जाळीचा आकार सांगितल्याशिवाय अर्थ नाही. वर दिलेलं सूत्रही अगदी शेवटच्या कडेला खरं नाही, कारण मोकळ्या पृष्ठभागावर शिअर शून्यच असायला हवा आणि सूत्र तिथेच शिखर दाखवतं. एकाच जाळीने दोन रचनांची तुलना करा. शिखराचा एकटा आकडा घेऊन त्यावर डिझाइन करू नका.

## टप्पा 4: वाकणं आणि पील तपासा, मगच माप ठरवा

सिंगल लॅपमध्ये दोन पट्ट्या एका रेषेत नसतात. ओढणारे दोन भार 1.8 मिमीने सरकलेले असतात, म्हणून जोड वळून एका रेषेत यायला बघतो आणि ओव्हरलॅपच्या टोकाशी पट्टी वाकते. पट्टी वाकली की टोकाचा थर उपटला जातो. हाच पील. आणि ॲढेसिव्ह शिअर जितका सोसतं त्यापेक्षा पील खूप कमी सोसतं. बहुतेक सिंगल लॅप जोड शिअर आणि पील यांच्या एकत्र माराने टोकाला सुटतात, नुसत्या शिअरने नाही.

वाकणं किती ते काढायला गोलंड आणि राइसनर यांनी 1944 मध्ये दिलेला गुणक `k` वापरतात. भार अगदी कमी असताना तो एकच्या जवळ असतो. जसजसा भार वाढतो आणि जोड वळतो, तसतसा तो कमी होतो. आपल्या 25 मिमी ओव्हरलॅपच्या जोडावर 5 किलोन्यूटनला `k` सुमारे 0.49 येतो. पट्टीतला सरासरी ताण 125 मेगापास्कल. वाकण्याचा ताण `3·k·125`, म्हणजे सुमारे 185. दोन्ही मिळून ओव्हरलॅपच्या टोकाशी पट्टीच्या आतल्या पृष्ठभागावर 310 मेगापास्कल. 6061-टी6 मिश्रधातू साधारण 275 ला कायमचा वाकायला लागतो.

म्हणजे ॲढेसिव्ह तुटण्याआधीच पत्रा वाकू लागतो, आणि तो वाकला की पील झपाट्याने वाढतो.

तपासणी: तुटलेली पट्टी ग्रॅनाइटच्या सपाट ठोकळ्यावर किंवा जाड काचेवर ठेवा. ओव्हरलॅपच्या टोकाजवळ ती उचलली जात असेल तर पत्रा कायमचा वाकला आहे. मग मिळालेला आकडा ॲढेसिव्हची ताकद नाही, पत्रा आणि ॲढेसिव्ह या दोघांच्या जोडीचा आहे. त्या तरुणाच्या सगळ्या पट्ट्या वाकलेल्या होत्या.

आता माप ठरवूया. त्याला रोजचा भार 4.5 किलोन्यूटन आणि तुटण्याचा किमान 9 हवा होता. हाताशी असलेल्या उपायांपैकी सगळ्यात सरळ उपाय रुंदीचा. टोकाचं शिखर रुंदीच्या उलट प्रमाणात कमी होतं, इथे लांबीसारखी फसगत नाही. रुंदी 25 ची 50 मिमी केली की त्याच ॲढेसिव्हला सूत्राप्रमाणे सुमारे 11.8 किलोन्यूटन मिळतात. रोजच्या 4.5 ला टोकाचा शिअर 13.4 मेगापास्कल राहतो आणि पत्र्याच्या पृष्ठभागावर 25 मिमी ओव्हरलॅप असताना सुमारे 155. दोन्ही आटोक्यात.

पत्रा जाड करणं हा दुसरा मार्ग. जाडी दुप्पट केली तर शिअरच्या शिखरासाठी भार जेमतेम 1.4 पट होतो, कारण तिथे वर्गमूळ येतं. शिवाय पत्रा कायमचा वाकत नाही, हा फायदा त्याहून मोठा. मात्र दोन भारांमधलं सरकलेपणही वाढतं, म्हणून वाकण्याचा हिशेब पुन्हा करावाच लागतो. थर जाड करण्याचा मोह सूत्र पाहून होतो, कारण `η` वाढला की `ω` घटतो. प्रत्यक्षात कडक इपॉक्सीच्या सिंगल लॅपमध्ये थर जाड केला की जोड सहसा कमजोर होतो. 0.1 ते 0.3 मिमीच्या बाहेर विनाकारण जाऊ नका.

## टप्पा 5: नागपूरच्या मे महिन्याचा हिशेब

हा टप्पा वगळू नका, आणि मी इथे थोडा वेळ घेणार आहे.

आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलं तापमान 45 अंशांवर जातं. उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावून पाहा, तो त्याहून कितीतरी गरम असतो. खोलीच्या तापमानाला कडक होणाऱ्या पुष्कळ इपॉक्सींचं काच-संक्रमण तापमान 50 ते 60 अंशांच्या आसपास असतं. म्हणजे दुपारी दोनला जोडातलं ॲढेसिव्ह मऊ व्हायला लागलेलं असतं.

शिअर मॉड्युलस दहापट घसरून 100 मेगापास्कल झाला असं धरा आणि कोडमध्ये `G` बदला. 25 मिमी रुंद, 25 मिमी ओव्हरलॅपच्या जोडावर 5 किलोन्यूटनला टोकाचा ताण 29.9 वरून 11.4 वर येतो. पाहणाऱ्याला बरं वाटतं. आता शेवटचा आकडा वाचा: मध्याचा ताण 1.4 वरून 6.4 वर गेला आहे. मऊ थर भार सगळीकडे वाटून देतो, त्यामुळे रिकामा बसलेला मधला भागही कामाला लागतो.

धोका इथेच आहे. मऊ झालेलं ॲढेसिव्ह कायमच्या भाराखाली हळूहळू सरकतं. मधला भाग निवांत असेल तर तो टोकांना पकडून ठेवतो. रात्री गारवा आला, भार उतरला, की टोकं मूळ जागी येतात. मधला भागही ताणाखाली असेल तर पकडून ठेवायला कोणी उरत नाही. जोड दर दुपारी थोडा-थोडा सरकतो आणि काही आठवड्यांनी, प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी भारावर, सुटतो. लोक म्हणतात, "जानेवारीत टेस्ट केली तेव्हा चांगला होता."

ओव्हरलॅपची लांबी कशासाठी वाढवायची याचं खरं उत्तर हे आहे. थंडीतल्या ताकदीसाठी ती 13 मिमीच्या पुढे फारशी उपयोगी नाही. उन्हाळ्यात मध्याला विश्रांती मिळावी म्हणून ती लागते. आपल्या 50 मिमी रुंद जोडावर 4.5 किलोन्यूटन रोजचा भार आणि गरम थर धरला, तर 25 मिमी ओव्हरलॅपमध्ये मध्याला 2.9 मेगापास्कल राहतात, 40 मिमीमध्ये 1.3. मी त्याला 40 मिमी करायला सांगितलं. त्याने 50 मिमी केले तेव्हा लांबी चुकीची नव्हती, पण ज्या कारणासाठी त्याने ती वाढवली ते कारण चुकीचं होतं.

सावधान: लांबी वाढवणं हा संक्रमण तापमान कमी असल्याचा इलाज नाही, फक्त थोडी सोय आहे. पत्रा ज्या तापमानाला जातो त्याच्या बराच वर संक्रमण तापमान असलेलं ॲढेसिव्ह निवडा, किंवा डेटाशीटवर दिलेलं पोस्ट-क्युअर खरोखर करा. पोस्ट-क्युअर वगळलेल्या जोडाला पोस्ट-क्युअरचे आकडे लावू नका.

## टप्पा 6: चाचणीच्या पट्ट्या बनवणं

एएसटीएम डी1002 या पद्धतीत 1.6 मिमी जाड धातू, सुमारे 25 मिमी रुंदी आणि 12.7 मिमी ओव्हरलॅप असतो. ॲढेसिव्हच्या डेटाशीटवरचा आकडा बहुतेक अशाच पट्टीवरून आलेला असतो. म्हणून आधी या मापाच्या पाच पट्ट्या बनवा आणि त्यानंतर तुमच्या खऱ्या मापाच्या पाच. पहिल्या पाचांनी डेटाशीटच्या आसपासचा आकडा दिला नाही, तर तुमची पृष्ठभागाची तयारी बिघडली आहे. ओव्हरलॅपच्या हिशेबाकडे वळण्यात मग अर्थ नाही.

अ. कापणं. शिअर मशिनवर कापलेल्या पट्टीच्या कडेला बर राहतो. तो कानसीने काढा. बर थरात शिरला की त्या जागी थराची जाडी वेगळी होते आणि टोकाला कापल्यासारखी खाच पडते.

आ. पृष्ठभाग. ॲसिटोनने पुसा, फडकं एकाच दिशेने ओढा, प्रत्येक वेळी स्वच्छ बाजू वापरा. मग 180 ते 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि पुन्हा ॲसिटोनने पुसा. हा क्रम उलटा करू नका. आधी घासलं तर पृष्ठभागावरचं तेल खरवडलेल्या खाचांमध्ये चोळलं जातं आणि नंतर कितीही पुसलं तरी पूर्ण निघत नाही. यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही.

तपासणी: पट्टीवर डिस्टिल्ड पाणी सोडा. पाण्याचा पापुद्रा सलग पसरून राहिला तर ठीक. थेंब होऊन तुटला तर तेल अजून आहे, मागे जा. पास झालेली पट्टी पूर्ण वाळवा आणि शक्य तितक्या लवकर चिकटवा. पावसाळ्यात तर तासाभरातच. एसीच्या खोलीतली थंड पट्टी जुलैत बाहेर आणली की तिच्यावर दव धरतं. ते डोळ्यांना दिसत नाही, जोडाला मात्र पुरतं.

इ. थराची जाडी. मिश्रणात 0.2 मिमीचे काचेचे मणी वजनाने साधारण एक टक्का मिसळा, किंवा टोकांपासून आत दोन बारीक तारांचे तुकडे ठेवा. नुसत्या क्लॅम्पच्या दाबावर विसंबलात तर एका बाजूचं ॲढेसिव्ह पिळून बाहेर निघून जातं. दाब फक्त पट्ट्या मण्यांवर टेकतील एवढाच द्या.

ई. कडेची गोट. बाहेर आलेलं ॲढेसिव्ह पुसून टाकून कडा चकचकीत करणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. चौकोनी कापलेल्या टोकाशी ताण कोपऱ्यात गोळा होतो. तिथे 45 अंशांत उतरत जाणारी गोट ठेवली तर भार हळूहळू थरात उतरतो आणि शिअर व पील दोन्हींची शिखरं खाली येतात. ॲढेसिव्ह ओलं असतानाच तिरक्या कापलेल्या प्लास्टिकच्या पट्टीने ती आकाराला आणा. वाळल्यावर घासून आकार देऊ नका, त्यात बारीक तडे पडतात. चाचणीच्या पट्ट्यांना गोट ठेवली असेल तर खऱ्या जोडालाही ठेवा, आणि तिथे नसेल तर इथेही नको.

उ. वेळ. डब्यावर लिहिलेला वापरण्याचा अवधी सहसा 25 अंशांचा असतो. तापमान दहा अंशांनी चढलं की तो ढोबळमानाने निम्मा होतो. मे महिन्यात शेडमध्ये दुपारी मिश्रण करू नका. सकाळी लवकर, थोडं-थोडं मिसळा. घट्ट व्हायला लागलेलं ॲढेसिव्ह पृष्ठभागाला भिजवत नाही. जोड दिसतो चांगला, पण सोलला की एका बाजूचा धातू स्वच्छ निघतो.

## टप्पा 7: ओढणं

मशिनच्या जबड्यात दोन्ही टोकांना 1.8 मिमी जाडीचे तुकडे विरुद्ध बाजूंनी लावा, म्हणजे पट्टीची जाडी अधिक थराची जाडी. मग भाराची रेषा थराच्या मध्यातून जाते. हे तुकडे न लावता पकडलं तर जबडेच जोडाला वाकवतात आणि भार द्यायच्या आधीच टोकाला पील सुरू होतो. माझ्याकडे आलेल्या कमी आकड्यांपैकी निम्म्यांचं कारण एवढंच निघालं आहे.

वेग मिनिटाला सुमारे 1.3 मिमी. पट्टीचं तापमान लिहून ठेवा, खोलीचं नाही. उन्हाळ्याचा विचार करून केलेल्या जोडाच्या निदान तीन पट्ट्या गरम कक्षात, पत्रा उन्हात जितका तापतो तितक्या तापमानाला ओढा. कक्ष नसेल तर एक साधी पद्धत आहे. रोजच्या भाराचं वजन टांगून जोड त्या तापमानाच्या ओव्हनमध्ये काही दिवस ठेवा. आधी दोन्ही पट्ट्यांच्या कडेवर, सांध्याला छेदून जाणारी एक बारीक रेघ सुईने ओढून ठेवा. रोज भिंगातून पाहा. रेघ सांध्यापाशी तुटून सरकत असेल तर मध्याला विश्रांती मिळत नाही.

## टप्पा 8: तुटलेला पृष्ठभाग वाचा

तुटलेल्या जोडाचे दोन्ही भाग शेजारी-शेजारी ठेवा, तुटण्याआधीच्या दिशेने. आकडा लिहिण्याआधी हे करा, कारण आकडा दिसला की डोळे तेच पाहतात जे त्या आकड्याला पटतं.

दोन्ही पृष्ठभागांवर ॲढेसिव्ह असेल तर थर स्वतः तुटला आहे आणि वरचा हिशेब लागू होतो. एक बाजू धातूची स्वच्छ चमकत असेल तर तयारी कमी पडली. पण एक मिश्र प्रकार वारंवार दिसतो: दोन्ही टोकांना तीन-चार मिमी धातू उघडा पडलेला आणि मध्ये थर तुटलेला. हे पाहून लोक तयारीला दोष देतात. बहुतेक वेळा ती पीलची खूण असते. भेग कोपऱ्यात जन्मली, धातूच्या कडेने धावली आणि नंतर थरात शिरली. आपल्या पट्टीत `1/ω` सुमारे 3.3 मिमी येतो, म्हणजे शिखराचा पट्टाही साधारण तेवढाच. उघड्या भागाची रुंदी त्याच्याशी जुळत असेल, तर टप्पा 4 कडे परत जा आणि पत्रा वाकला होता का ते पाहा.

उघडा पट्टा एकाच टोकाला असेल तर दोन गोष्टी तपासा: दोन्ही पट्ट्यांची जाडी खरंच सारखी होती का, आणि थर एका टोकाला पातळ होता का. त्या तरुणाच्या पहिल्या पट्ट्यांवर प्रत्येक वेळी उघडा पट्टा त्याच टोकाला होता जिथे थर 0.12 मिमी होता.

50 मिमी रुंद, 40 मिमी ओव्हरलॅप, मणी घातलेला 0.2 मिमीचा थर आणि 45 अंशांची गोट अशा पाच पट्ट्या त्याने जूनच्या पहिल्या आठवड्यात ओढल्या. पाचही 11 किलोन्यूटनच्या वर गेल्या. तीन पट्ट्यांत थर स्वतः तुटला. उरलेल्या दोन पट्ट्या टोकाशी किंचित वाकलेल्या होत्या. त्या त्याने बाजूला ठेवल्या आणि त्याच मापाच्या दोन पट्ट्या 2 मिमी पत्र्याच्या बनवायला घेतल्या.